मुदतीचा ताप आणि हाताशी उरलेली औषधं

टायफॉइडला आपल्याकडे पूर्वी मुदतीचा ताप म्हणत. औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन आठवड्यांची मुदत पुरी केल्याशिवाय जायचा नाही. आणि त्या मुदतीत, विशेषतः तिसऱ्या आठवड्यात, आतड्याला भोक पडलं तर माणूसच जायचा. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा होतो हे दिसलं आणि ही मुदत पहिल्यांदा मोडली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना त्याच्या कॅप्सूल आठवत असतील.

त्यानंतरची गोष्ट मात्र सरळ नाही. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात कोझिकोडला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड मोठ्या प्रमाणावर दिसला. १९८०च्या दशकाच्या शेवटी तर क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल या तिन्ही औषधांना एकदम न जुमानणारा जंतू भारतभर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. स्वस्त गोळी, चार दिवसांत ताप खाली, रुग्ण घरीच. दहाएक वर्षं ते उत्तम चाललं आणि मग तेही थंडावलं. आज भारतात रक्तातून वाढवलेल्या टायफॉइडच्या जंतूंपैकी दहातल्या नऊहून अधिक जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याचं भावंड ऑफ्लॉक्सासिन यांचा भरवसा धरता येत नाही.

मग आज औषध निवडायचं कसं? एक रुग्ण घेऊन बघू. तो कोणी एक माणूस नाही, माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना मिळून तयार झालेला आहे. पुण्यात होस्टेलवर राहणारा, वय २१, वजन ६० किलो. सात दिवसांपासून ताप. पहिले दोन दिवस कणकण, मग रोज थोडा थोडा चढत गेलेला, आता संध्याकाळी १०३. डोकं जड, भूक मेलेली, जिभेवर पांढरा थर, पोट साफ होत नाही. जुलाब नसून बद्धकोष्ठ आहे, म्हणून "पोटाचा आजार नाही" असं घरच्यांना वाटतंय. टायफॉइडमध्ये मोठ्या माणसांत हे अगदी नेहमीचं. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्याने ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या. ताप जसाच्या तसा. मग आई गावाहून आली आणि त्याला घेऊन दवाखान्यात आली. हातात विडालचा रिपोर्ट, त्यावर लाल शाईने 'पॉझिटिव्ह'.

विडालचं आधी सांगून टाकतो. ही तपासणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं मोजते. ती प्रतिपिंडं पूर्वी कधी होऊन गेलेल्या टायफॉइडची असू शकतात, लशीची असू शकतात, टायफॉइडच्या चुलत जंतूंची असू शकतात. आजाराच्या पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि बरं झाल्यावर कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिची सगळ्यात मोठी उणीव निराळी आहे. समोरच्या जंतूवर कोणतं औषध चालेल, हे विडाल कधीच सांगू शकत नाही. सगळ्या औषधांना दाद देणारा जंतू होता तेव्हा हे खपून जायचं. आता नाही.

म्हणून या मुलासाठी पहिलं काम रक्ताचं कल्चर. रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवतात, त्यात जंतू वाढला की त्याच्यावर एकेक औषध लावून बघतात. ऐकायला सोपं आहे, पण टायफॉइडमध्ये एका मिलीलिटर रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, कित्येकदा तोही नसतो. त्यामुळे दोन मिली रक्त घेऊन पाठवलेलं कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच वाढते. मोठ्या माणसाचं एका बाटलीला आठ ते दहा मिली रक्त लागतं, आणि शक्य असेल तर दोन बाटल्या. बाटलीवर लिहिलेली रेघ भरेपर्यंत रक्त घ्या असं मी सिस्टरना प्रत्येक वेळी सांगतो. इतकं करूनही खऱ्या टायफॉइडच्या दहापैकी साधारण सहाच रुग्णांत जंतू सापडतो. म्हणजे कल्चर निगेटिव्ह आलं तर टायफॉइड नाहीच असं म्हणता येत नाही, पण पॉझिटिव्ह आलं तर त्याहून खात्रीचं काही नाही.

रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी घेतलेलं सगळ्यात चांगलं. या मुलाने तर तीन दिवस गोळ्या घेतल्या आहेत. तरी कल्चर करायचंच. जी गोळी जंतूला मारतच नाहीये ती त्याला बाटलीत वाढण्यापासूनही फारशी अडवत नाही. तीन दिवसांत ताप रेसभरही हलला नाही यात थोडीशी माहिती आहे, पण तीन दिवस हा निकाल लावण्याइतका काळ नाही, हे पुढे येईलच.

बाकी तपासण्यांत पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट १ लाख ३० हजार, इओसिनोफिल शून्य, यकृताचं एसजीपीटी ११०. इओसिनोफिल नावाच्या पेशी पार नाहीशा होणं ही टायफॉइडची खूण जुने डॉक्टर आवर्जून बघत, आणि ती आजही उपयोगी आहे. पुरावा नाही, पण संशय बळकट करते. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह. आता कल्चरचा रिपोर्ट यायला तीन-चार दिवस, आणि औषध तर आजच सुरू करायला हवं. या तीन-चार दिवसांसाठी जे निवडतो तीच खरी निवड.

हाताशी तीन औषधं आहेत. अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी, सेफिक्झिमची गोळी आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन. तिन्हींतला फरक समजायला टायफॉइडचा जंतू कुठे राहतो ते कळायला हवं. आपल्या शरीरात काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून मारण्याचं काम करतात. टायफॉइडचा जंतू गिळला जातो, पण मरत नाही. त्या पेशीच्या पोटातच मुक्काम ठोकतो, वाढतो, आणि तिच्याबरोबर यकृत, प्लीहा, हाडातला मगज आणि आतड्याच्या भिंतीतल्या गाठी इथे पोचतो. चोर पोलीस चौकीतच लपून बसावा तसा प्रकार. रक्तात सापडतात ते तिथून बाहेर पडलेले थोडेसे.

अ‍ॅझिथ्रोमायसिन या पेशींच्या आत शिरतं आणि तिथे साठतं. रक्तातल्यापेक्षा पेशीत त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असतं, आणि ते सावकाश बाहेर पडतं. म्हणून सात दिवसांच्या गोळ्या संपल्यावरही पुढे काही दिवस त्याचं काम चालू राहतं. आजार उलटण्याचं प्रमाण या औषधाने कमी दिसतं, त्याचं कारण हेच मानतात. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही एकाच घराण्यातली, सेफॅलोस्पोरिन घराण्यातली. ती रक्तात आणि पेशींच्या बाहेर जोरात काम करतात, पेशीच्या आत मात्र त्यांचा शिरकाव कमी. म्हणून त्यांना दिवस जास्त द्यावे लागतात, दहा ते चौदा, आणि मध्येच थांबवली तर ताप उलटण्याचा धोका अधिक.

एकच घराणं, ही गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. सेफिक्झिमने ताप उतरला नाही म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं, की घरच्यांना वाटतं औषध बदललं. फायदा कधी कधी होतोही, कारण सेफिक्झिमची गोळी आतड्यातून निम्मीच काय ती रक्तात उतरते, इंजेक्शन पूर्ण पोचतं. पण जंतू जर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाच दाद देत नसेल तर तो दोघांनाही देत नाही. एका दारातून हाकललेला त्याच घरात दुसऱ्या दाराने आल्यासारखं होतं.

माझी निवड या मुलासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन. तो पाणी पितोय, उलट्या नाहीत, रक्तदाब ११०/७०, पोट मऊ आहे, बोलणं नीट आहे. अशा रुग्णाला गोळी पुरते. मात्रा दर किलोला दिवसाला २० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त एक ग्रॅम. ६० किलोला हिशेब १,२०० चा होतो, म्हणून एक ग्रॅमवर थांबायचं. ५०० च्या दोन गोळ्या रोज एकदाच, सात दिवस. एकूण चौदा गोळ्या.

हा चौदाचा आकडा महत्त्वाचा आहे. मेडिकलमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० ची पट्टी तीन किंवा पाच गोळ्यांची मिळते, आणि 'रोज एक, तीन दिवस' हा घशाच्या दुखण्याचा कोर्स लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. करोनाच्या काळात तो आणखीच पक्का झाला. तीन गोळ्या म्हणजे दीड ग्रॅम, आणि टायफॉइडला लागतात सात ग्रॅम. तीन गोळ्यांनी ताप जरासा दबतो, कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते, आणि आजार तसाच आत राहतो. औषध निकामी नव्हतं, ते पुरेसं दिलंच गेलं नाही. इथे मात्रा लिहितोय ती हिशेब कळावा म्हणून. हृदयाचे ठोके बिघडण्याचा त्रास असेल, उलटीची किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरांनीच बघायला हवं.

सेफिक्झिम का नाही? ते चालतच नाही असं नाही. लहान मुलांत ते पुष्कळ वापरलं जातं. पण त्याच्या अपयशाचं प्रमाण काही अभ्यासांत जास्त दिसलंय, आणि ते फार वेळा कमी मात्रेत दिलं जातं. मुलांना कानाच्या संसर्गासाठी दर किलोला दिवसाला ८ मिलिग्रॅम पुरतं, टायफॉइडला त्याच्या जवळपास दुप्पट ते अडीचपट, १५ ते २० मिलिग्रॅम लागतं. पाचव्या दिवशी ताप न उतरलेलं मूल आलं की मी आधी बाटलीवरची ताकद आणि किती मिली दिलं ते विचारतो. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. आणखी एक प्रकार आपल्याकडे फार चालतो, तो म्हणजे सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिन एकत्र असलेली जोडगोळी. दोन औषधं म्हणजे दुप्पट ताकद असं वाटतं. पण त्यातलं ऑफ्लॉक्सासिन इथल्या बहुतेक जंतूंवर काही करत नाही. रुग्णाच्या पोटात जातं ते एकच चालणारं औषध, तेही बहुधा कमी मात्रेत, आणि दुसऱ्याचे फक्त दुष्परिणाम. ही गोळी टायफॉइडसाठी लिहिणं थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गोळ्या सुरू झाल्या. आईला मी वहीत तापाचा तक्ता करायला सांगितला, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पहिल्या दिवशी सर्वात जास्त १०३.४, दुसऱ्या दिवशी १०३.२, तिसऱ्या दिवशी १०२.६, चौथ्या दिवशी १०२. आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"डॉक्टर, चार दिवस झाले हो. अजून १०२ आहे. शेजारचे म्हणतात अ‍ॅडमिट करा, सलाईन-इंजेक्शनशिवाय टायफॉइड जात नाही."

"ताई, तो जेवतोय का?"

"कालपासून मऊ भात मागून खाल्ला. आज वरणही घेतलं."

"पोटात दुखतंय? शौचाला काळं?"

"नाही."

"मग वहीतले चार दिवस मला वाचून दाखवा."

त्यांनी आकडे वाचले आणि वाचतानाच त्यांचा आवाज जरा खाली आला, कारण आकडेही रोज खाली येत होते.

टायफॉइडच्या उपचारात सगळ्यात जास्त चुका याच दिवशी होतात. योग्य औषध, योग्य मात्रेत दिलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, कधी सात. जंतू पेशींच्या आत आहे, तो हळूहळू मरतो, आणि मेलेल्या जंतूच्या तुकड्यांवरही शरीर तापून उठत राहतं. पण आपल्याला न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गाची सवय असते, तिथे दोन दिवसांत फरक दिसतो. मग तिसऱ्या दिवशी गोळी बदलली जाते, पाचव्या दिवशी इंजेक्शन लागतं, सातव्या दिवशी त्याहून भारी इंजेक्शन. आठव्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय शेवटच्याला मिळतं. खरं तर पहिल्याच औषधाने तो त्याच सुमाराला उतरला असता. या मुलाने मेडिकलमधून आणलेल्या ऑफ्लॉक्सासिनबद्दलही तेच. तीन दिवसांत ताप न उतरणं हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हता. पुरावा कल्चरने दिला.

म्हणून चौथ्या दिवशी ताप आहे की नाही यापेक्षा तापाचा कल बघायचा. टोकं खाली येताहेत का, दोन तापांमधलं अंतर वाढतंय का, भूक परतली का, माणूस चेहऱ्याने बरा दिसतोय का. उलट काही खुणा दिसल्या तर मी एक तासही थांबत नाही. पोटात अचानक जोराची कळ येऊन पोट कडक होणं, डांबरासारखी काळी किंवा रक्ताची शौच, बरळणं किंवा गुंगी. आणि एक फसवी खूण. ताप एकाएकी उतरून अंग गार पडतं, पण नाडी धावायला लागते. घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. ते आतड्यातल्या रक्तस्रावाचं किंवा आतडं फुटल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्याला औषध बदलणं हा उपाय नाही, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय हा उपाय आहे.

त्याच संध्याकाळी कल्चरचा रिपोर्ट आला. साल्मोनेला टायफी. पुढे औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. सिप्रोफ्लॉक्सासिन दाद देत नाही. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन चालतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालतं. आणि खाली अ‍ॅम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमॉक्साझोल, तिन्ही चालतात.

असा रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं सिप्रोफ्लॉक्सासिन. या जंतूत प्रतिकार टप्प्याटप्प्याने येतो. पहिल्या टप्प्यात जंतू अर्धवट निर्ढावलेला असतो. जुन्या मोजमापाने तो 'चालतं' असा दिसायचा, रुग्ण मात्र बरा व्हायचा नाही. म्हणून २०१२ पासून टायफॉइडसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची मोजपट्टी बरीच कडक केली गेली. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड हे त्याच घराण्यातलं जुनं औषध. त्याला जंतू दाद देत नसेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे काहीही लिहिलेलं असो, ते देऊ नये. दुसरं, यादीत कधी जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन किंवा सेफॅलेक्सिनपुढे 'चालतं' छापलेलं असतं. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या जंतूवर ती चालतातही. पण पेशीत लपलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत, रुग्णात अपयशी ठरतात. चांगली प्रयोगशाळा टायफॉइडच्या रिपोर्टमध्ये त्यांची नावंच छापत नाही.

आणि आता त्या तीन जुन्या औषधांबद्दल. एकेकाळी देशभर निकामी झालेली ही औषधं भारतातल्या बहुतेक टायफॉइडवर आज पुन्हा चालतात. प्रतिकाराची जनुकं जंतूमध्ये बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वेटोळ्यावर असतात. तीन औषधं टायफॉइडसाठी वापरणं थांबलं, वेटोळं बाळगण्याचा फायदा उरला नाही, आणि ते नसलेले जंतू पुढे गेले. म्हणून रिपोर्ट हातात असेल आणि पुढे गोळी द्यायची असेल तर को-ट्रायमॉक्साझोल हा स्वस्त आणि खरा पर्याय आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी नसावी आणि गरोदरपण नसावं इतकं बघून. क्लोरॅम्फेनिकॉल मी टाळतो, कारण क्वचित का होईना ते हाडातला मगज कायमचा बंद पाडू शकतं. ही जुनी औषधं आंधळेपणाने सुरू करायची नाहीत, कल्चर बघूनच.

या मुलाला बदलण्याची गरजच नव्हती. पाचव्या दिवशी १००.८, सहाव्या दिवशी ९९.४, सातव्या दिवशी ताप नाही.

तोच मुलगा पहिल्या दिवशी उलट्या करत आला असता, किंवा गुंगीत असता, तर गोष्ट निराळी होती. गोळी पोटात ठरत नाही तिथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मोठ्या माणसाला दिवसाला दोन ग्रॅम शिरेतून, दहा ते चौदा दिवस. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरला की बिल वाढतंय म्हणून सुट्टी, आणि हातात काहीच नाही किंवा दोन दिवसांच्या गोळ्या. पंधरा दिवसांत ताप उलटतो. पूर्ण दिवस इंजेक्शन परवडत नसेल तर रिपोर्ट बघून चालणाऱ्या गोळीवर आणता येतं, आणि त्यासाठीही पुन्हा कल्चरच लागतं. फार गंभीर रुग्णाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, एक पेशीबाहेर, एक पेशीत. तर्क मला पटतो, पण साध्या रुग्णाला दोन्ही देण्याइतका पुरावा अजून नाही.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही हातून गेलं तर काय होतं, ते पाकिस्तानात दिसलं आहे. २०१६च्या नोव्हेंबरपासून सिंध प्रांतातल्या हैदराबादेत असा टायफॉइड दिसू लागला जो तिन्ही जुन्या औषधांना, सिप्रोफ्लॉक्सासिनला आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद देत नव्हता. आधीच निर्ढावलेल्या जंतूने आणखी एक वेटोळं मिळवलं, बहुधा आतड्यात राहणाऱ्या दुसऱ्या जंतूंकडून. तिथे डॉक्टरांच्या हाती उरली दोनच, अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी आणि मेरोपेनेमचं महाग इंजेक्शन, जे दिवसातून तीनदा शिरेतून द्यावं लागतं. कराचीतल्या डॉक्टरांनी आपले रुग्ण तपासले तेव्हा या दोन औषधांनी ताप उतरायला लागलेला वेळ साधारण सारखाच निघाला, सातेक दिवस. म्हणजे उलट्या नसलेल्या, साध्या रुग्णाला तिथेही गोळी पुरते.

हे सगळं सीमेपलीकडचं म्हणून सोडून देता येत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारे टायफॉइडचे जंतू मुंबईतल्या रुग्णांतही सापडले आहेत, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रमाण अजून थोडं आहे. म्हणून आज मुंबई-पुण्यातल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी मेरोपेनेम लावणं चूक आहे, पण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सातव्या दिवशीही लागू पडत नसेल तर 'कल्चर कशाला, ताकद वाढवू' म्हणणंही चूक आहे. तिथे नव्याने रक्त पाठवायचं, आणि आपण टायफॉइड समजतोय तो बारीक किडा चावून होणारा स्क्रब टायफस किंवा क्षय तर नाही ना, हेही बघायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे मोजके जंतू बांगलादेशात सापडले आहेत. त्यांच्यात जनुकातला एकच बदल पुरला. सिंधचा जंतू आणि हा बदल एकाच ठिकाणी आले तर गोळीने घरी बरं होणारा टायफॉइड उरणार नाही. प्रत्येक सर्दीला तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांना मी हे सांगतो.

सातव्या दिवशी मुलगा स्वतः चालत आला. मी त्याला सांगितलं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप आला तर मनाने गोळी सुरू करू नकोस, आधी इथे ये, पुन्हा रक्त घेऊ. उलटलेला टायफॉइड बहुधा आधीच्याच जंतूचा असतो आणि त्याच औषधाला दाद देतो, पण ते गृहीत धरायचं नाही. विडाल परत करू नकोस, ती पॉझिटिव्हच येईल.

"आणि हा रिपोर्ट? आता टाकून दिला तर चालेल ना?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "नाही ताई, त्याचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये राहू दे."

नऊ दिवसांनी त्याच्याच खोलीतला दुसरा मुलगा ताप घेऊन आला, तिसरा दिवस होता. एकच मेस, एकच पाण्याची टाकी. त्याने अजून काही घेतलं नव्हतं. पहिल्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. दुसऱ्याला जुलाब होते, उलट्या नव्हत्या. दोन बाटल्या भरून रक्त घेतलं, मग त्याला अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या चौदा गोळ्या लिहून दिल्या, आणि मेसच्या पाण्याबद्दल महापालिकेला कळवायला मी टेलिफोन उचलला.